ताडी, रात्रीची गोळी आणि पहाटेचे तीन

आमच्या बोईसर-पालघर पट्ट्यात 'दारू' आणि 'ताडी' हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि ते वेगळेच ठेवले जातात. दारू म्हणजे बाटलीतली, वाइन शॉपमधली, पैसे उडवायची आणि घरात भांडणं लावायची गोष्ट. ताडी म्हणजे झाडाची. ती पोटाला थंड असते, उन्हाळ्यात लागते आणि आजोबाही पीत होते. कुणी रोज संध्याकाळी ताडी पितो म्हणून त्याला कुणी दारुडा म्हणत नाही. कायदा मात्र हा फरक मानत नाही. १९४९च्या दारूबंदी कायद्यात मद्याची जी व्याख्या आहे, त्यात स्पिरिट, वाइन आणि बिअरच्या बरोबरीने ताडीचंही नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. आपलं यकृतही कायद्याच्याच बाजूचं आहे. आमच्या घरी हे कळायला एक नवी गोळी यावी लागली.

माझे बाबा तारापूर एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत बॉयलर अटेंडंट होते. तीन पाळ्यांमध्ये तीस वर्षं काढली आणि दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. नोकरीत असताना ड्यूटीवर जायचं असलं की ते थेंबही घ्यायचे नाहीत. बॉयलरसमोर झोकांड्या खाणारा माणूस काय करू शकतो हे त्यांनी पाहिलं होतं. रिटायर झाल्यावर पाळीच उरली नाही. मग संध्याकाळी सहाला चिंचणी रोडकडच्या एका वाडीत चार-पाच जुने सोबती जमू लागले. ताडी काढणारा माणूस ओळखीचाच. सोबत सुके बोंबील नाहीतर चणे. साडेसातपर्यंत दोन बाटल्या व्हायच्या, जुन्या बिअरच्या बाटल्या असतात त्या. नऊ वाजता घरी दोन घास भात, आणि झोप.

बाबांना डायबेटिस होऊन सहा वर्षं झाली. इतकी वर्षं मेटफॉर्मिन पुरत होतं. मागच्या जानेवारीत तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ८.६ आली आणि डॉक्टरांनी गोळी बदलली. नव्या गोळीत मेटफॉर्मिनच्या जोडीला ग्लिमेपिराइड होतं. एक सकाळी, एक रात्री जेवणाआधी. डॉक्टरांनी रीतसर विचारलंही होतं, "काका, दारू-सिगरेट काही?"

"नाही," बाबा म्हणाले. शेजारी बसलेली आईसुद्धा काही बोलली नाही. दोघंही खोटं बोलत नव्हते.

दोनेक आठवड्यांनी आईचा फोन आला. मी कामासाठी ऐरोलीला राहतो, शनिवार-रविवार डहाणू लोकल पकडून घरी जातो. आई म्हणाली, "ह्यांना ताडी चढायला लागलीय रे हल्ली. रात्री घामाने गंजी भिजते, काहीतरी बडबडतात. काल तर बाथरूम समजून कपाटच उघडत होते. मी म्हटलं, अहो, आता वय झालं, एक बाटली कमी करा."

बाबांचं म्हणणं वेगळंच होतं. रोज तीच ताडी, तीच माणसं, तेवढ्याच बाटल्या, मग आताच कशी चढेल? त्यांच्या मते ताडीवाला हल्ली काहीतरी मिसळत असणार. ही शंका अगदीच वेडी नव्हती, कारण ताडीत क्लोरल हायड्रेट नावाचं गुंगीचं औषध मिसळल्याची प्रकरणं महाराष्ट्रात आणि तेलंगणात पकडली गेली आहेत. पण त्या वाडीत झाडावरून उतरलेलं मडकं डोळ्यांसमोर गाळलं जातं, आणि बाकी चौघांपैकी कुणालाही रात्री घाम फुटत नव्हता.

त्या शनिवारी मी घरी होतो. रात्री साडेदहाला ग्लुकोमीटरवर साखर १६४ होती, म्हणजे काळजीचं काही नाही. पहाटे तीनला आईने हाक मारली. बाबा पलंगावर बसले होते, कपाळावर घाम, हात थरथरत होते आणि "गेज बघ, गेज बघ" असं काहीतरी पुटपुटत होते. बोटाला सुई टोचली. मीटरवर ५२ आकडा आला.

७०च्या खाली साखर गेली की ती कमी धरतात. ५४च्या खाली गेली की मेंदूला पुरेसं इंधन मिळत नाही आणि माणूस गोंधळायला लागतो. बाबा शुद्धीवर होते, गिळू शकत होते, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलं, ७१. मग दूध आणि चार बिस्किटं दिली, कारण नुसत्या साखरेने चढलेला आकडा तासाभरात परत खाली येऊ शकतो. त्यानंतर दर तासाला मोजत राहिलो. सकाळी सातला ११८ होती, आणि बाबांना रात्रीतलं फारसं काही आठवत नव्हतं.

आईने इतके दिवस जे पाहिलं होतं, त्याचा अर्थ आता उलटा लागत होता. घाम, थरथर, अडखळतं बोलणं, भलतंच दार उघडणं, चिडचिड. ही साखर उतरल्याची लक्षणं आहेत आणि हीच नशा चढल्याचीही दिसतात. घरातल्यांना वाटतं जास्त झाली, झोपू दे. पिणाऱ्यालाही कळत नाही, कारण साखर उतरताना शरीर जी धोक्याची घंटा वाजवतं, ती दारूच्या गुंगीत नीट ऐकूच येत नाही. डोळ्यांनी पाहून या दोहोंतला फरक सांगता येत नाही. तो मीटर सांगतो.

आम्ही सकाळीच डॉक्टरांना फोन केला. त्यांनी रात्रीची गोळी त्याच क्षणी बंद करायला सांगितली आणि अकराला बोलावलं. आकडे पाहिल्यावर त्यांनी बाबांना नाही, आईला विचारलं, "काकू, मागच्या पंधरा दिवसांत कुठली रात्र चांगली गेली?"

आईने आठवून सांगितलं. मध्ये दोन रात्री बाबा पालघरला आत्याकडे होते, तेव्हा काहीच झालं नव्हतं. गोळ्या सोबत नेल्या होत्या, वेळेवर घेतल्याही होत्या.

"मग तिथे काय वेगळं होतं?"

"ताडी नव्हती ना," आई म्हणाली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "काका, तुम्ही तर दारू घेत नाही म्हणालात."

"दारू नाहीच घेत. ताडी घेतो."

पुढची पंधरा मिनिटं त्या केबिनमध्ये ताडीचा हिशोब झाला. झाडावरून सकाळी उतरलेला रस गोड असतो, त्यात साखर असते, दारू नसते. मडक्याला आतून चुना लावला तर तो तसाच राहतो आणि त्याला नीरा म्हणतात. चुना नसेल तर मडक्यातलं यीस्ट आणि हवेतले जंतू लगेच कामाला लागतात आणि काही तासांत साखरेची दारू होऊ लागते. संध्याकाळपर्यंत ताडी आंबूस, फेसाळ होते आणि तिच्यात साधारण चार ते सहा टक्के अल्कोहोल असतं. म्हणजे ती बिअरच्या पंगतीत बसते. दोन बाटल्या म्हणजे १३०० मिली. पाच टक्क्यांनी धरलं तर ६५ मिली अल्कोहोल, वजनात ५१ ग्रॅमच्या आसपास. व्हिस्कीच्या ६० मिलीच्या पेगमध्ये साधारण २० ग्रॅम असतं. बाबा रोज संध्याकाळी अडीच लार्ज पेग घेत होते, फक्त ते ग्लासात तसे दिसत नव्हते.

बाबांना हे पटायला जड गेलं, पण त्यांचा खरा आक्षेप पुढे होता. "डॉक्टर, ताडी गोड असते. साखर वाढायला हवी. कमी कशी होईल?"

प्रश्न बरोबर होता, आणि थोडी वाढतेही. झोपतानाची १६४ त्यामुळेच असू शकेल, आणि ती पाहून सगळे निर्धास्त झोपतात. घसरण पुढच्या काही तासांत होते. ती कशी होते हे डॉक्टर समजावत होते, इन्सुलिन, यकृत, ग्लायकोजेन. बाबा मान डोलवत होते, पण ती मान मी ओळखतो. सेफ्टी ट्रेनिंगमध्ये पाहुणे बोलत असताना ते अशीच डोलवायचे. शेवटी तेच म्हणाले, "थांबा, मला बॉयलरमध्ये सांगा."

मग बाबा, डॉक्टर आणि मी, तिघांनी मिळून बॉयलर उभा केला.

बॉयलरच्या गेज ग्लासमध्ये पाण्याची पातळी दिसते. ती रक्तातली साखर समजा. बर्नर चालू असला की वाफ जाते आणि पाणी कमी होतं. ते काम इन्सुलिनचं. ते साखर रक्तातून काढून पेशींमध्ये पोचवतं. पाणी कमी झालं की फीड पंप नवं पाणी आत सोडतो; ते काम यकृताचं. जेवणानंतर यकृत साखरेचा साठा करून ठेवतं आणि रात्रभर, आपण उपाशी झोपलेले असताना, ती थोडी थोडी सोडत राहतं. साठा संपत आला की ते दुसऱ्या पदार्थांपासून नवी साखरही बनवतं. आणि सगळ्यात महत्त्वाचा असतो लो वॉटर कटऑफ. पातळी धोक्याच्या खुणेखाली गेली की तो बर्नरच बंद करतो. निरोगी माणसाच्या स्वादुपिंडात हा कटऑफ असतो. साखर उतरली की इन्सुलिन सोडणं आपोआप थांबतं.

ग्लिमेपिराइड नेमकं इथे काम करतं. ते स्वादुपिंडातल्या पेशींचं एक दार बंद करून त्यांना इन्सुलिन सोडायला लावतं, आणि तेव्हा रक्तात साखर किती आहे हे ते पाहत नाही. साखर ३०० असली तरी सोडायला लावेल आणि ७० असली तरीही. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत तिचा जोर सर्वाधिक असतो आणि परिणाम जवळपास दिवसभर टिकतो. पोटभर जेवणाऱ्या माणसाला ती व्यवस्थित चालते. स्वस्त आहे, जुनी आहे, साखर चांगली उतरवते. म्हणूनच ती इतकी लिहून दिली जाते.

"म्हणजे कटऑफ बायपास केलाय," बाबा म्हणाले.

"बायपास केलाय. पण फीड पंप चालू होता, म्हणून चालत होतं. तुमच्या ताडीने पंप बंद केला."

अल्कोहोल शरीराला साठवून ठेवता येत नाही. म्हणून ते आलं की यकृत बाकीची कामं बाजूला ठेवून आधी त्याच्या मागे लागतं. हे विघटन करताना ज्या एका मदतनीस रेणूची गरज असते, तोच रेणू नवी साखर बनवायलाही लागतो. अल्कोहोलने तो सगळा वापरून टाकला की साखर बनवण्याची लाइन थांबते. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल संपवतं. ५१ ग्रॅमला पाच ते सात तास. म्हणजे सहाला सुरू केलेल्या ताडीचं काम मध्यरात्रीच्या आसपास संपतं. तोवर नवी साखर बनत नाही, यकृत साठ्यावर चालतं, आणि दोन घास भात खाल्लेल्या माणसाचा साठा मुळात कमी. त्यात मेटफॉर्मिनही यकृताला साखर सोडायला थोडा लगाम घालतंच. इकडे नऊची ग्लिमेपिराइड इन्सुलिन सोडायला लावतेच आहे. बर्नर चालू, कटऑफ नाही, पंप बंद, टाकी अर्धी. पहाटे तीनला गेज रिकामा दिसणार नाही तर काय.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "असा बॉयलर मी चालवू दिला नसता कुणाला."

डॉक्टरांनी एक गोष्ट मात्र लगेच दुरुस्त केली. आत्याकडच्या दोन रात्रींवरून सगळा दोष ताडीवर टाकायचा नाही, असं ते म्हणाले. आत्या पोटभर जेवायला घालते. तिथे ताडी नव्हती आणि जेवण होतं, दोन्ही गोष्टी एकदम बदलल्या होत्या. शिवाय त्यांना तिसरी शंका होती. ग्लिमेपिराइड यकृतात मोडतं, पण त्याचे काही अंश लघवीवाटे बाहेर पडतात. मूत्रपिंड मंदावलं असेल तर ते अंश रक्तात साचून गोळीचा जोर लांबतो, आणि साठीनंतर मूत्रपिंड मंदावलेलं असणं फार दुर्मीळ नाही. म्हणून क्रिएटिनिन तपासलं. ते ठीक आलं. एक शक्यता बाद झाली, आणि मेटफॉर्मिन चालू ठेवायलाही हरकत उरली नाही, कारण भरपूर दारू आणि बिघडलेलं मूत्रपिंड असं जुळून आलं तर मेटफॉर्मिनने रक्तात लॅक्टिक आम्ल साचण्याचा, क्वचित होणारा पण जीवघेणा धोका असतो.

मला तिथे बसून एकच प्रश्न पडला होता. पहाटे बाबा शुद्धीवर नसते तर? डॉक्टरांनी सरळ सांगितलं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात साखर, पाणी, मध काहीही घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवायचं आणि १०८ला फोन करून हॉस्पिटल गाठायचं. तिथे शिरेतून ग्लुकोज देतात. साखर उतरल्यावर ग्लुकागॉनचं इंजेक्शन देतात, असं मी वाचलं होतं; पण ते इंजेक्शन यकृतातला साठा बाहेर काढतं, आणि दारूने साठाच रिकामा झाला असेल तर त्याचा फारसा उपयोग होत नाही. आणि ग्लुकोजने शुद्धीवर आलं तरी लगेच घरी यायचं नाही. गोळी अजून अंगात असते, त्यामुळे दिवसभरात साखर पुन्हा उतरू शकते. अशा माणसाला निदान एक दिवस नजरेखाली ठेवतात.

उपाय दोन होते, गोळी बदलायची किंवा ताडी सोडायची. डॉक्टरांनी दोन्ही करायला सांगितलं. ग्लिमेपिराइड बंद केलं आणि मेटफॉर्मिनसोबत सिटाग्लिप्टिन दिलं. तेही इन्सुलिन वाढवतं, पण रक्तात साखर जास्त असेल तेव्हाच; साखर उतरली की त्याचा जोरही उतरतो. बाबांच्या भाषेत, कटऑफ शाबूत ठेवणारी गोळी. पूर्वी ती महाग होती, २०२२मध्ये पेटंट संपल्यावर बऱ्याच कंपन्यांनी काढली आणि किंमत उतरली. पण तिने फक्त बर्नरचा प्रश्न सुटतो. फीड पंप ताडीने बंद पडायचा तो पडणारच. म्हणून महिनाभर ताडी पूर्ण बंद, आणि आठवड्यातून दोनदा पहाटे तीनची साखर मोजायची.

औषधाचा बदल एका कागदावर झाला. ताडीचा बदल तसा होत नाही, आणि हे डॉक्टरांना माहीत असावं. बाबांना सहा वाजता घरात बसवत नाही. तीस वर्षं ज्या माणसांसोबत पाळ्या बदलल्या, ती माणसं आता फक्त त्या वाडीतच भेटतात. दोघांची मुलं बाहेरगावी, एकाची बायको गेली. बाबांनी पहिला आठवडा घरी काढला आणि सहाला टीव्ही लावून सातला बंद केला, रोज. आठव्या दिवशी ते वाडीत गेले, सोबत थर्मासमध्ये बिनसाखरेचा चहा घेऊन. नीरा प्यावी का असं त्यांनी फोनवर मला विचारलं होतं. पण नीरेत दारू नसली तरी सगळी साखर तशीच असते, डायबेटिसवाल्याला ती ग्लास भरून प्यायची वस्तू नाही. वाडीत सुरुवातीला थर्मासची बरीच थट्टा झाली. चौघांनाही बॉयलरची गोष्ट सांगितल्यावर थट्टा थांबली, कारण त्यातले दोघे स्वतः फायरमन होते.

महिन्याभरात पहाटेचा एकही आकडा ९५च्या खाली गेला नाही. तीन महिन्यांनी एचबीए१सी ७.३ आलं. तेव्हा बाबांनी डॉक्टरांना समोरासमोर विचारलं, रविवारी दुपारी जेवणासोबत एक ग्लास चालेल का. डॉक्टर म्हणाले, "न घेतली तर मला आवडेल. घेतलीत तर पोटभर जेवणासोबत, एकच ग्लास, आणि रात्री झोपण्यापूर्वी साखर मोजायची. लपवून मात्र घ्यायची नाही." आई या उत्तरावर खूश नाही. मीही पूर्ण खूश नाही. पण जी गोष्ट डॉक्टरांच्या कागदावर नाही, ती कुठल्याच गोळीच्या हिशोबात धरली जात नाही, हे जानेवारीत आम्ही पाहिलं होतं. आता बाबांच्या फाइलवर वरच्या कोपऱ्यात लिहिलंय, 'ताडी, रविवार, १ ग्लास'. आणि डॉक्टर नव्या पेशंटला 'दारू घेता का' असं न विचारता 'संध्याकाळी काय घेता' असं विचारतात. त्या उत्तरात ताडीही येते, माडीही येते आणि खोकल्यासाठी म्हणून घेतलेली ब्रँडीही.

मागच्या महिन्यात वाडीतल्या एका काकांनी आपल्या गोळ्यांची स्ट्रिप बाबांना दाखवली. बाबांना इंग्रजी बेताचंच येतं, पण स्ट्रिपच्या मागच्या बारीक अक्षरांतलं ग्लिमेपिराइड आता ते ओळखतात. नाव कंपनीप्रमाणे बदलतं, आतलं औषध मागेच लिहिलेलं असतं. काका म्हणाले, मग उद्यापासून गोळी बंद करतो. बाबांनी त्यांना तिथेच थांबवलं. गोळी आपल्या मनाने बंद केली तर साखर ३००वर जाईल, ती डॉक्टरच बदलतील. तू आज फक्त ताडी बंद ठेव, रात्री नीट जेव आणि सकाळी स्ट्रिप घेऊन माझ्यासोबत चल. त्या काकांनी त्या संध्याकाळी थर्मासमधला चहा घेतला. त्यांच्या मते तो भिकार होता.